मृगाआधीची रात्र: एका बाळंतपणाच्या चार अवस्था

[दृश्य: बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचं आवार. रात्र. वारा सुटलाय, पाऊस नाही.]

मृगाला अजून पाच-सहा दिवस आहेत. रात्री साडेनऊला जीपमधून एक बाई उतरते. वय 26, दुसरी खेप. ऊसतोडीचा हंगाम संपवून ती उन्हाळ्यात गावी परतली. सोबत सासू आणि आशाताई. हातातल्या कार्डावर शेवटच्या पाळीच्या तारखेची जागा कोरी आहे, हिमोग्लोबिनच्या रकान्यात मात्र 8.6 लिहिलंय.

अभ्यासासाठी रचलेली ही केस आहे. पण लेबर रूममध्ये रात्रपाळी केलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. या केसमधून प्रसूतीच्या चारही अवस्था बघू. त्यातही तक्त्यात सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहणारा एक रकाना जवळून बघू. तो रकाना लघवीचा.

[दृश्य: टेबलावर कालनिर्णय, सिस्टरचं बोट महिन्यांवरून फिरतंय.]

सिस्टर तारीख विचारत नाहीत, सण विचारतात.
"पाळी कवा आली होती माय, पोळ्याच्या आधी का नंतर?"
"पोळा झाला, त्याच्या चार-पाच दिसानं."

त्या वर्षी पोळा ऑगस्टमध्ये होता. म्हणजे पाळी साधारण 28 ऑगस्टची. त्यात सात दिवस आणि नऊ महिने मिळवले की 4 जून येते. आज 2 जून. दिवस भरलेत. पोटावरून गर्भाशयाची उंचीही तेच सांगते.

आता कळा खऱ्या की खोट्या, हे ठरवायचं. खोट्या कळा अनियमित असतात आणि चालल्यावर, कूस बदलल्यावर बऱ्याचदा थांबतात. खऱ्या कळा कमरेतून पुढे येतात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि त्यांच्यामुळे गर्भाशयाचं तोंड उघडू लागतं. हिला दुपारी चारपासून दुखतंय. सिस्टर पोटावर हात ठेवतात आणि घड्याळात पूर्ण दहा मिनिटं बघतात. दोन कळा, प्रत्येकी 25 सेकंदांच्या. इथे घाई करू नका. एक कळ बघून पाचाने गुणणं म्हणजे मोजणं नव्हे.

नाडी 88, रक्तदाब 110/70. बाळाचे ठोके मिनिटाला 140. डोकं खाली आहे, पण पाचपैकी चार बोटं अजून ओटीपोटाच्या हाडाच्या वर लागतंय. आतून तपासल्यावर तोंड तीन सेंटीमीटर उघडलेलं, पाणमोट शाबूत.

ही पहिल्या अवस्थेची सुरुवात, सुप्त टप्पा. अजून पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती किती पुढे सरकली ते दाखवणारा तक्ता, भरायचा नाही. या टप्प्यात दर तासाला कळा आणि ठोके बघायचे, आतली तपासणी चार तासांनी. मधल्या वेळात तिला चालू द्यायचं, पाणी, चहा, पातळ खिचडी घेऊ द्यायची आणि सासूला जवळ बसू द्यायचं.

[दृश्य: पार्टोग्राफचा कोरा कागद. तिरप्या दोन रेषा.]

रात्री दीड. तोंड पाच सेंटीमीटर. दहा मिनिटांत तीन कळा, 40 सेकंदांच्या. आता सक्रिय टप्पा. आपल्या सरकारी तक्त्यात आलेख चार सेंटीमीटरपासून सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आणलेल्या नव्या तक्त्यात सक्रिय टप्पा पाचपासून धरतात. तुमच्या वॉर्डात जो कागद असेल, त्याचा नियम पाळा.

या दोन रेषा 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी आखल्या, आजच्या झिंबाब्वेत. मोठं रुग्णालय दूर असताना सुईणीला वेळेवर कळावं की ही बाई पुढे पाठवायला हवी, एवढाच हेतू होता. पहिली सावधरेषा, तासाला एक सेंटीमीटर या वेगाची. दुसरी कृतिरेषा, तिच्या उजवीकडे चार तासांवर.

सिस्टर पाचवर, सावधरेषेवर, फुली मारतात. यापुढे दर अर्ध्या तासाला कळा, बाळाचे ठोके आणि आईची नाडी. ठोके कळ ओसरल्या ओसरल्या पूर्ण एक मिनिट ऐकायचे, कारण बाळ दमलंय की नाही हे नेमकं त्या मिनिटात ऐकू येतं. 110 ते 160 च्या बाहेर गेले तर डॉक्टरांना बोलवायचं. रक्तदाब, ताप आणि आतली तपासणी चार तासांनी. लघवी मात्र ती जाईल तेव्हा, आणि दोन-दोन तासांनी तिला आठवण करून द्यायची.

दोन, अडीच, तीन. नोंदी नीट चालल्यात. साडेतीनला कळा तीनच, पण तीस सेकंदांच्या. चारला दोनच, 25 सेकंदांच्या.

दमलेल्या रात्रपाळीत इथेच चूक होते. "कळा कमी झाल्यात, सलाईनमध्ये ऑक्सिटोसिन टाकू," असं कुणीतरी म्हणतं. कारण न शोधता, डॉक्टरांनी न तपासता कळा वाढवल्या तर दुसऱ्या खेपेच्या गर्भाशयाला इजा होऊ शकते, बाळाचा श्वास कोंडू शकतो. आधी पोट बघायचं. नुसतं चाचपायचं नाही, दिव्याच्या उजेडात बाजूने बघायचं.

[दृश्य: बाजूने पोटाची आकृती. ओटीपोटाच्या हाडावर दुसरा, छोटा उंचवटा.]

हाडाच्या अगदी वर एक मऊ फुगवटा दिसतोय. लघवीची पिशवी भरलीय.
"लघवीला कवा गेलतीस माय?"
"सांजच्याला. घरून निघताना."
"तवापासून नाही? लागली नाही?"
ती सासूकडे बघते, मग खाली. "संडासात अंधार हाय बाई."

आठ तास. कळांच्या दुखण्यात लघवीची जाणीव वेगळी होत नाही, आणि झाली तरी बाया लाजून सांगत नाहीत. भरलेली पिशवी बाळाच्या डोक्याची वाट अडवते, कळाही मंदावू शकतात. सिस्टर पडदा ओढतात, बेडपॅन देतात. 450 मिलीलीटर. त्यात प्रथिनं नाहीत, ॲसिटोन थोडं आहे. म्हणजे रात्रभर तिने धड खाल्लंप्यायलंही नाही. दोन ग्लास गूळपाणी दिलं जातं. कळा नेमक्या कशाने मंदावल्या हे छातीठोक सांगता येणार नाही, पण या दोन्ही गोष्टी हाताने दुरुस्त होण्यासारख्या होत्या.

पावणेपाचला दहा मिनिटांत चार कळा, 45 सेकंदांच्या. पाच-दहाला पाणमोट फुटते. सिस्टर लगेच ठोके ऐकतात, कारण पाण्यासोबत नाळ खाली सरकली तर ती दबते आणि ठोके एकदम पडतात. ठोके 142. पाणी स्वच्छ आहे, हिरवट नाही.

साडेपाचला तोंड आठ सेंटीमीटर. सावधरेषेप्रमाणे नऊ हवं होतं. फुली रेषेच्या उजवीकडे पडली.

ही फुली डावीकडे ढकलून लिहायचा मोह होतो. मी शिकाऊ मुलींच्या कागदांवर हे पाहिलंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण तो आलेख त्या बाईचाच असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटी सिस्टर असेल तर सावधरेषा ओलांडली की पुढे पाठवायची तयारी लगेच. इथे डॉक्टर आहेत. ते येऊन तपासतात: डोकं एकच बोट वर लागतंय, कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली नाहीत, ठोके आणि कळा चांगल्या आहेत. तासाभराने पुन्हा बघायचं ठरतं. तोवर 108 ला कळवून ठेवलंय. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लागणारा वेळही हिशेबात धरलाय.

सहा-चाळीस. "बाई, जोर यायलाय!" तोंड पूर्ण, दहा सेंटीमीटर. दुसरी अवस्था इथून बाळ बाहेर येईपर्यंत.

आता ठोके दर पाच मिनिटांनी. सासू काकुळतीला येते, "पोट दाबा की जरा, लवकर मोकळी होईल." पोट दाबायचं नाही. गर्भाशय फाटू शकतं. सासूबाईंना हे रागावून नाही, समजावून सांगायचं. त्यांच्या हाती ओला रुमाल द्यायचा आणि सुनेचं तोंड पुसायला सांगायचं. जोर कधी द्यायचा, हे बाईचं अंग सांगतं.

सात-पाच. मुलगी. लगेच रडली. कोरडी पुसून आईच्या छातीवर.

तिसरी अवस्था वार पडेपर्यंतची. सिस्टरांचा हात आधी पोटावर जातो, आत दुसरं बाळ नाही ना बघायला. मग एका मिनिटाच्या आत दहा युनिट ऑक्सिटोसिन मांडीत. इंजेक्शन फ्रीजमधून काढलेलं आहे, खिडकीत राहिलेलं नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यात हे तपासायलाच हवं, कारण उष्णतेने त्याचा जोर जातो. नाळ एक ते तीन मिनिटांच्या दरम्यान कापायची. 8.6 हिमोग्लोबिनच्या आईच्या लेकीला ते जास्तीचं रक्त मिळू द्या. गर्भाशय आवळलं, नाळ लांबली, थोडं रक्त आलं. एका हाताने ओटीपोटावर आधार, दुसऱ्याने नाळेवर हलका ताण. सात-तेराला वार. ती दोन्ही बाजूंनी उलटून बघतात, तुकडा तुटलेला नाही, पडदा पूर्ण आहे.

[दृश्य: सकाळ. दिवसपाळीच्या सिस्टर येतायत. चहाची किटली.]

सगळे सैल होतात. आणि खरी जागरूक राहायची अवस्था आत्ता सुरू झालीय. चौथी, पहिले दोन तास. दर पंधरा मिनिटांनी पाच गोष्टी: गर्भाशय, रक्तस्राव, नाडी, रक्तदाब, लघवी.

सात-वीसला गर्भाशय बेंबीशी, क्रिकेटच्या चेंडूसारखं कडक. सात-पस्तीसलाही तसंच. सात-पन्नासला हात ठेवला तर कणकेसारखं मऊ, बेंबीच्या वर आणि उजव्या बाजूला सरकलेलं. पॅड भिजलंय. नाडी 104, रक्तदाब मात्र अजून 110/70.

रक्तदाब चांगला आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तरुण बाईचा रक्तदाब बराच वेळ टिकतो, नाडी आधी वाढते. अंगाखालच्या मापाच्या पिशवीत 350 मिलीलीटर रक्त आहे. 500 ची वाट पाहायची नाही. हिच्यात आधीच रक्त कमी आहे.

एकीने हाक मारून डॉक्टरांना बोलावलं, दुसरीने सलाईन लावायला घेतली. सिस्टर गर्भाशय चोळतात, गाठी बाहेर येतात. वर आणि उजवीकडे सरकलेलं गर्भाशय दिसलं की पहिला संशय भरलेल्या लघवीच्या पिशवीचा. ती गर्भाशयाला उचलून बाजूला ढकलते, मग ते आवळत नाही. कॅथेटर घातला, 400 मिलीलीटर. दोनच मिनिटांत हाताखाली पुन्हा कडक गोळा, मध्यावर, बेंबीशी. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू झालं. रक्त थांबलं नसतं तर फाटलेली जखम, राहिलेला वारेचा तुकडा आणि न गोठणारं रक्त ही कारणं एकेक करून शोधायची आणि अंबाजोगाईची गाडी निघालीच असती.

[दृश्य: नोंदवही. सिस्टरचा हात लिहितोय.]

नऊ-वीस. गर्भाशय कडक, मध्यावर. नवं पॅड अर्धंच भिजलेलं. नाडी 88, रक्तदाब 110/70. बाळ पहिल्या तासातच दूध ओढायला लागलं. लघवी: कॅथेटरने, सात-पंचावन्न, 400 मिलीलीटर. पुढची आठवण, नऊ-पंचावन्न.