बाई, अजून वजाबाकी चुकतेय

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीच्या सुट्टीआधीची प्रथम सत्र परीक्षा आता तोंडावर आली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलांच्या आईवडिलांशी, आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आजीआजोबांशी, आज थोडं बोलायचं आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते, बरीच वर्षं तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. या दिवसांत रात्री फोन येतात. मागच्या वर्षीचा एक फोन आधी सांगते.

गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री नऊ वाजता एका मुलीची आई बोलत होती. आवाज रडवेला. "बाई, अजून वजाबाकी चुकतेय. वीस गणितं करून घेतली, तरी चुकतेय. ती रडतेय, मी ओरडतेय. काय करू?" मी विचारलं, "ताई, नक्की कोणतं गणित चुकलं?" त्यांनी वहीतून वाचून दाखवलं. ४०२ वजा १५७. मुलीनं उत्तर लिहिलं होतं ३५५.

आता हे ३५५ आलं कुठून, ते बघा. चारातून एक गेला, तीन उरले. मधे वर शून्य आणि खाली पाच, शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून तिनं पाचातून शून्य वजा केलं, पाच. शेवटी दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन, पाच. तीन, पाच, पाच. मुलगी वेंधळेपणानं चुकत नव्हती. प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा वजा करायचा, असा एक नियम तिनं मनाशी बांधला होता आणि वीसच्या वीस गणितांत तो इमानेइतबारे पाळला होता. वरचा आकडा मोठा असेल तिथे हा नियम बरोबर उत्तर देतो, म्हणून तो तिच्या डोक्यात पक्का बसला. हातच्याची वजाबाकी आली आणि तो तुटला, आणि मधे शून्य असल्यावर तर मुलांची हमखास गल्लत होते.

मी त्या आईंना म्हटलं, "ताई, वही मिटा. उद्या तिला हे गणित चुकू द्या."

पलीकडे शांतता. त्यांना वाटलं असेल, या बाई आहेत की कोण! पण मी असं का म्हटलं, ते नीट सांगते.

त्याच वर्गात एक मुलगा होता. त्याला घरी कुणीतरी आदल्या आठवड्यात युक्ती शिकवली होती: मधल्या शून्याचे नऊ करायचे. पेपरात ४०२ वजा १५७ त्यानं बरोबर सोडवलं, २४५. मी पूर्ण गुण दिले आणि पुढे गेले. दिवाळीनंतर फळ्यावर ४१२ वजा १५७ दिलं, तर त्यानं पुन्हा २४५ लिहिलं. मधल्या एकाचेही त्यानं नऊ केले होते! बरोबर उत्तर २५५. म्हणजे त्याला काहीच कळलं नव्हतं, आणि पेपरानं ते माझ्यापासून लपवलं होतं. त्या मुलीच्या पेपरानं मात्र मला स्पष्ट सांगितलं होतं की शतक सुटं कसं करायचं हे तिला अजून समजलेलं नाही. तिच्याबरोबर कुठून सुरुवात करायची, ते मला सुट्टीतच कळलं.

पालकहो, या वयातल्या परीक्षेचा उपयोग हा आहे. पुढच्या सत्रात कुणाला काय पुन्हा शिकवायचं, हे ती शिक्षकाला सांगते. आदल्या रात्री घोकून चूक झाकली, तर ती शिक्षकाला दिसत नाही.

"पण गुण गेले ना!" असं तुम्ही म्हणाल. तर गुणांचा हिशोबही करू. राज्य मंडळाच्या शाळांत २०१० सालापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली. तिच्यात तिसरी-चौथीला दर सत्रात प्रत्येक विषयाच्या शंभर गुणांपैकी साठ गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे वर्गातलं रोजचं काम, तोंडीकाम, उपक्रम, स्वाध्याय यांचे. परीक्षेचे, म्हणजे संकलितचे, चाळीस. त्या चाळीसातले दहा तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे. लेखी पेपर उरतो तीस गुणांचा. पहिली-दुसरीला तर लेखी फक्त वीस गुणांचं असतं. तुमची शाळा दुसऱ्या मंडळाची असेल तर विभागणी वेगळी असेल, ती वर्गशिक्षकांना विचारून घ्या.

त्या मुलीचं काय झालं? आकारिकमध्ये साठपैकी सत्तेचाळीस, तोंडीला आठ, लेखीला एकवीस. एकूण शहात्तर, श्रेणी ब-१. हातच्याच्या वजाबाकीची दोन गणितं होती, प्रत्येकी दोन गुणांची. ती दोन्ही बरोबर आली असती तर ऐंशी झाले असते. ब-१ ही श्रेणी एकाहत्तर ते ऐंशी, म्हणजे तेव्हाही ब-१च. ज्या रात्री माय-लेकी रडल्या, त्या रात्रीनं प्रगतिपत्रकावर एक अक्षरही बदललं नसतं. पाचवीच्या पालकांना वार्षिक परीक्षेची धास्ती असते, कारण तिथे उत्तीर्ण होण्याची अट आता आली आहे. पण ती परीक्षा दुसऱ्या सत्राच्या शेवटी असते आणि त्यात राहिलं तर पुनर्परीक्षाही मिळते. ऑक्टोबरातल्या या परीक्षेवर वर्ग चढणं-राहणं अवलंबून नाही.

ओरडण्याचा परिणाम मात्र पेपरावर खरोखर होतो, आणि तो कसा होतो हे समजून घेण्यासारखं आहे. ४०२ मधून १५७ वजा करताना त्या आठ वर्षांच्या जीवाला एकाच वेळी काय काय लक्षात ठेवावं लागतं? शतकाचे आता तीन राहिले, दशकाचे नऊ झाले, एककाचे बारा झाले, आणि आपण कोणत्या घरात आहोत. हे सगळं डोक्यातल्या एका छोट्याशा जागेत धरून ठेवायचं असतं. "चुकलं तर आई काय म्हणेल" ही काळजीही नेमकी त्याच जागेत येऊन बसते. मग बारा सुटतात, नऊ सुटतात. घरी येणारं गणित शाळेत येत नाही ते बऱ्याचदा यामुळे.

अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे घरी वारंवार अभ्यास घेत, त्यांची मुलं वर्षअखेर गणितात कमी शिकलेली आढळली. धास्ती तेवढीच, पण अभ्यास क्वचित घेणाऱ्या पालकांच्या मुलांत हे दिसलं नाही. म्हणून सांगते, वही समोर आली की तुमचा आवाज चढत असेल, तर या आठवड्यात तो विषय तुम्ही घेऊ नका. दुसऱ्या कुणाला घेऊ द्या किंवा सरळ राहू द्या.

पेपराच्या सकाळी काही मुलांचं पोट दुखतं. ते नाटक नसतं, खरंच दुखतं. भीतीचं दुखणं बहुतेक वेळा बेंबीच्या आसपास असतं, शाळेच्या वेळेला येतं आणि रविवारी येत नाही. जवळ घ्या, दोन घोट पाणी द्या, "दुखतंय ना, थोड्या वेळानं कमी होईल" एवढं म्हणा आणि शाळेत पाठवा. पण ताप असेल, उलट्या होत असतील, दुखण्यानं मूल रात्री झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल किंवा दुखणं खाली उजव्या बाजूला सरकलं असेल, तर परीक्षा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तो पेपर शाळा नंतर घेईल.

झोपेबद्दल एवढंच की सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. सकाळी सातची शाळा असेल, तर रात्री साडेआठला अंथरुणावर.

आता शाळेच्या फाटकाबद्दल बोलते, कारण तिथे माझी स्वतःची चूक झाली आहे. माझा मुलगा दुसरीत होता. पेपर सुटला की मी फाटकाबाहेर झाडाखाली त्याच्या हातातून प्रश्नपत्रिका घ्यायचे आणि एकेक उत्तर विचारायचे. "यात काय लिहिलंस? अरे, हे तर काल केलं होतं!" तिसऱ्या दिवशी तो बाहेर आला आणि म्हणाला, "आई, प्रश्नपत्रिका हरवली." ती दप्तरात, डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवलेली मला संध्याकाळी सापडली. सात वर्षांचं मूल माझ्यापासून कागद लपवत होतं. त्या दिवसापासून मी फाटकावर फक्त "भूक लागलीय का?" विचारते. पेपर कसा गेला, हे सांगायचं असेल तर तो स्वतः सांगतो, बहुतेक वेळा जेवताना. लिहून झालेला पेपर घरी सोडवून घेण्यानं काही बदलत नाही, फक्त दुसऱ्या दिवशीच्या पेपराला मूल कालची चूक घेऊन बसतं. तपासलेले पेपर आम्ही पालकांना दाखवतो, तेव्हा निवांत बघा. आणि त्या वेळी "किती मिळाले" याच्याआधी शिक्षकांना विचारा, "याचं कुठे अडलंय?"

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. सुट्टीनंतर मी तिच्या हातात खेळातल्या नोटा दिल्या. शंभरच्या चार आणि रुपयाची दोन नाणी. म्हटलं, "मी दुकानदार, मला एकशे सत्तावन्न रुपये दे." ती नोटांकडे बघत बसली. मग म्हणाली, "बाई, सुटे द्या." मी शंभराच्या एका नोटेच्या दहाच्या दहा नोटा दिल्या. तरी सात रुपये होईनात. तिनं दहाची एक नोट पुढे केली, "हिचेपण सुटे द्या." आता तिच्याकडे शंभरच्या तीन, दहाच्या नऊ आणि बारा नाणी होती. तिनं मला मोजून पैसे दिले, उरलेले मोजले, आणि दोनशे पंचेचाळीस म्हणाली. मधल्या शून्याचे नऊ का होतात, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. दहा-बारा मिनिटं लागली असतील. नंतर ४१२ दिलं, तेही तिनं बरोबर केलं.

मुलं परीक्षा देत असताना ज्या पालकांना घरी बसून चैन पडणार नाही, त्यांच्यासाठी एक काम आहे. जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा घ्या आणि शंभरच्या, दहाच्या, एक रुपयाच्या अशा नोटा कापून ठेवा, शंभरच्या पाच आणि बाकीच्या वीस-वीस. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी दुकान दुकान खेळा.

नमस्कार.