सोन्याचा भाव काय? आधी कुठल्या सोन्याचा ते सांगा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे "ताई, सोन्याचा भाव काय?" बस, एवढंच. आणि मी उत्तर दिलं नाही म्हणून दोघंतिघं रागावलेत पण. अहो, उत्तर द्यायचंय हो मला, पण एवढ्यावर देता येत नाही.

तारीख आणि गाव पटकन उरकते. भाव रोज बदलतो, मुंबईची आयबीजेए ही सराफांची संघटना तर दिवसातून दोनदा दर काढते, सकाळी आणि संध्याकाळी. हा व्हिडिओ कोणी गुढीपाडव्याला बघेल, कोणी दसऱ्याला, मग मी आज बोललेला आकडा त्यांच्या काय कामाचा? गावागावात थोडा फरक पडतो, आणि कुठे जीएसटी धरून सांगतात, कुठे सोडून. आयबीजेएचा दर जीएसटी सोडून असतो, त्यावर 3 टक्के लागतात. झालं.

खरी गडबड कॅरेटमध्ये आहे. हिशोब सोपा जावा म्हणून आज आपण 24 कॅरेटचा 10 ग्रॅमचा भाव 1 लाख धरू. हा आजचा भाव नाहीये, कृपा करून स्क्रीनशॉट काढून पाठवू नका!

आमच्या आईचं सांगते. तिला दोन पाटल्या मोडायच्या होत्या, वजन 20 ग्रॅम. पेपरात भाव बघितला, घरीच गुणाकार केला, 2 लाख. दुकानात गेली तर सराफ म्हणाला 1 लाख 75 हजार. आई तिथेच भांडायला लागली, मला फोन, "हा माणूस फसवतोय गं." मी गेले, बसले, नीट विचारलं. पेपरातला भाव होता 24 कॅरेटचा. पाटल्या 22 च्या म्हणून घेतलेल्या, म्हणजे हजार भागात 916 भाग सोनं, म्हणजे 1 लाख 83 हजार 200. बरं, पाटल्या हॉलमार्कच्या आधीच्या, जुन्या. त्यात डाख दिलेला, म्हणजे जोडायला वापरतात तो मिश्र धातू. आमच्यासमोर वितळवून तपासलं तर साडेसत्त्याऐंशी टक्केच निघालं, 21 कॅरेट. म्हणून 1 लाख 75 हजार. मशीनवर नुसतं ठेवून बघतात ना, ते वरवरचंच वाचतं, आतलं कळत नाही, म्हणून वितळवताना स्वतः समोर उभं राहायचं. सराफाचा हिशोब बरोबर होता. आईचा गुणाकारही बरोबर होता, फक्त भाव दुसऱ्याच सोन्याचा होता.

आता हेच उलट बाजूने. एका दर्शकाने विचारलंय की एका दुकानात 10 ग्रॅमचा भाव 91,600 आणि दुसऱ्यात 75 हजार, मग दुसरं स्वस्त ना? नाही हो दादा! दुसरं 18 कॅरेट आहे, खड्याचे दागिने बरेचदा त्यातच करतात. सोनंच कमी आहे म्हणून पैसे कमी. दागिन्यावर बघा, 22 ला 916 कोरलेलं असतं, 18 ला 750, आणि सोबत सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो.

आणि तिसरं, हे कोणीच विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडे गुरुपुष्यामृताला वेढणी घेऊन ठेवतात. वेढणी 24 ची. पुढे लेकीच्या लग्नात 10 ग्रॅमची वेढणी देऊन 10 ग्रॅमची चेन घेतात आणि म्हणतात बरोबरी झाली. चेन 22 ची आहे ना! तुमच्या 10 ग्रॅमचं 22 कॅरेट सोनं जवळजवळ 10.9 ग्रॅम होतं. घडणावळ वेगळी द्या, ती कारागिराची आहेच, पण वरचं 0.9 ग्रॅम तुमचं आहे, ते हिशोबात मागून घ्या.

राहिला तोळा. आता दुकानात तोळा म्हणजे 10 ग्रॅम. आजीच्या काळचा तोळा 11.664 ग्रॅमचा. कोणीतरी लिहिलंय, "आजीच्या चिठ्ठीत 4 तोळे आहे, 40 ग्रॅम धरू का?" ताई, जुना तोळा असेल तर ते साधारण 46.7 ग्रॅम भरतं. चिठ्ठीवर साल आहे का बघा, आणि दागिना काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन घ्या. ते आणि कॅरेट, दोन्ही मला खाली लिहून पाठवा, गाव आणि कुठल्या दिवशी विकायचंय तेही, मग आकडा मांडून देते.