आत्याचं अळू आणि दोन बसमधलं अंतर

(दादरमधल्या एका लेखन-गटापुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘किस्सा आणि सोडवलेलं उदाहरण’. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली आठ माझी ओळख करून देण्यात गेली, आणि त्यात माझं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं गेलं, म्हणून तक्रार नाही.

मी संख्याशास्त्र शिकवायचो. निवृत्त झाल्यावर एका पुरवणीत त्याबद्दलच लिहायला लागलो. पहिलाच लेख मला फार आवडणाऱ्या एका कल्पनेवर होता. बस सरासरी दर दहा मिनिटांनी येत असेल, तर थांब्यावर वाट सरासरी पाच मिनिटं बघावी लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती जास्तच असते. नशीब वाईट म्हणून नव्हे, हिशेबच तसा आहे.

आता हे सांगायचं कसं? मी किश्शाने सुरुवात केली. माझी आत्या माहीमला राहायची. दर गुरुवारी प्लाझाजवळ बाजार करायची आणि बसने घरी जायची. एका गुरुवारी तिच्या पिशवीत अळूची मोठी जुडी होती, देठं बाहेर आलेली. बस येईना. उन्हाने पानं मान टाकायला लागली. आत्या पदराने त्यांना वारा घालतेय, शेजारचे गृहस्थ पेपर दुमडून मदत करतायत, आणि शेवटी बस आली ती एकदम दोन, एकीला चिकटून दुसरी. आत्या कंडक्टरला म्हणाली, “जुळी झाली वाटतं!” (हशा) हा किस्सा मी चारशे शब्द लिहिला होता. मग खाली सूत्र: अंतरांच्या वर्गांची सरासरी भागिले अंतरांच्या सरासरीची दुप्पट. आणि उदाहरणाला ७, १३, ४ आणि १६ मिनिटांची अंतरं, कारण मला वाटलं की खऱ्यासारखे आकडे हवेत.

अकरा पत्रं आली. मी हरखलो. नऊ पत्रं अळूबद्दल होती. काळ्या देठाचं की हिरव्या? वडीला कोणतं चांगलं? ओल्या फडक्यात का नाही गुंडाळलं? दहावं बससेवेच्या नावाने खडे फोडणारं, आणि अकरावं माझ्या मेव्हण्याचं. कल्पनेबद्दल एकही अक्षर नाही. बायको म्हणाली, “तुम्ही पाककृतीच द्यायची होतीत.”

मी बरेच दिवस वाचकांवर रागावलो होतो. मग लेख पुन्हा वाचला. अळू काढून टाकलं तरी कल्पनेचं काहीच बिघडत नव्हतं. सगळ्यात चमकदार तपशील मी अशा जागी ठेवला होता जिथे कल्पनेचा सांधाच नव्हता. वाचकाला चमकदार तेच आठवणार, त्याचा काय दोष?

मग सांधा कुठे होता? तोही आत्याच्याच बोलण्यात होता, मी ऐकला नव्हता. ती नेहमी विचारायची, “अरे, मागची बस रिकामी का असते?” पहिलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि दुसरीत कंडक्टर खिडकीशी निवांत बसलेला. हे सगळ्यांनी पाहिलंय, हो ना? उशीर झालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं भेटतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागचीला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती भराभर येऊन हिला गाठते. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट एवढीच, की लांब अंतरात माणसं जास्त साठतात. किस्सा दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा अळू गेलं, रिकामी बस आली. साठ शब्दांत संपला.

आकडेही बदलले. बस समजा १०:०० ला, १०:०२ ला, १०:२० ला, १०:२२ ला, १०:४० ला, १०:४२ ला आणि ११:०० ला आली. अंतरं २, १८, २, १८, २, १८. सरासरी १०, म्हणजे डेपोतला माणूस खोटं बोलत नाही. आता थांब्यावर मिनिटाला एक प्रवासी येतोय, तासाला ६०. यातले किती जण १८ च्या अंतरात सापडले? चोपन्न. २ च्या अंतरात? सहा. चोपन्न जणांनी सरासरी ९ मिनिटं वाट पाहिली, सहा जणांनी १ मिनिट. ४८६ अधिक ६, म्हणजे ४९२. भागिले ६०. आठ पूर्णांक दोन.

पाच नाही, ८.२. डेपो अंतरं मोजतो, आत्या मिनिटं मोजते. सूत्र मी लेखातून काढूनच टाकलं. २ आणि १८ हे आकडे मी बनवलेत हे मात्र लेखात स्पष्ट लिहिलं, नाहीतर कोणीतरी घड्याळ घेऊन प्लाझाला उभा राहतो. आणि हेही लिहिलं की प्रवासी मनाला येईल तेव्हा थांब्यावर पोचतो असं धरलंय. मोबाइलवर बस बघून जो घरातून निघतो त्याला हा हिशेब लागू नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. अरे देवा, विषय तर आत्ता सुरू होतोय.

बरं, पटापट. किस्सा प्रश्न टोचतो, उदाहरण उत्तर हाताने करायला लावतं. नुसत्या किश्शाने वाचक मान डोलावतो आणि तसाच राहतो. पण उदाहरण एकच दिलं की कल्पना बसलाच चिकटते. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये लोकांना एक गोष्ट दिली: सेनापती सैन्याच्या तुकड्या करून वेगवेगळ्या रस्त्यांनी किल्ल्यावर धाडतो. मग गाठीवर किरणांचा उपचार कसा करावा, असं कोडं घातलं. युक्ती तीच, किरणं अनेक बाजूंनी आणि सौम्य. पण ‘मघाची गोष्ट वापरा’ असं न सांगता फार थोड्यांनाच ती सुचली. १९८३ मध्ये त्यांनी दाखवलं की दोन गोष्टी शेजारी ठेवून ताडून बघायला लावल्या तर जास्त लोकांना युक्ती दिसते.

म्हणून मी दुसरं उदाहरण क्लासचं घेतलं. दोन तुकड्या, एकीत १० मुलं, एकीत ९०. मालक म्हणतो सरासरी ५०. मुलांना विचारलं तर शंभरातली नव्वद म्हणतात, आम्ही नव्वद जण आहोत. मुलांच्या उत्तरांची सरासरी ८२. इथे मी पुन्हा आपटलो. तिथे ८.२, इथे ८२. एका बाईंनी विचारलं, “उत्तर नेहमी ब्याऐंशीच येतं का हो?” योगायोग होता, पण वाचकाला काय माहीत? आता तुकड्या २० आणि ८० घेतो. उत्तर ६८. भांडण नाही.

लेख पोचला की नाही हे बघायला मी ‘कळलं का?’ विचारत नाही. सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी आकडे बदलून देतो. अंतरं ५ आणि १५, आळीपाळीने. सरासरी दहाच. वाट किती?

(मागून: “पाच!” पुढून: “साडेसात?”)

साडेसात म्हणणाऱ्या ताई, तुम्ही सगळ्यांना लांब अंतरात उभं केलंत. छोट्या अंतरातही कोणी येतंच.

(“मग चारातले तीन साडेसात मिनिटं थांबणार, एक जण अडीच. साडेबावीस आणि अडीच पंचवीस, भागिले चार... सव्वासहा.”)

सव्वासहा. संयोजक उभे राहिलेत. आणि हो, अळू काळ्या देठाचंच होतं.