दोर तुटतो तिथून पुढे

नमस्कार, श्रोतेहो. मुद्द्यांवरून गोष्ट पूर्ण करा, शीर्षक द्या आणि तात्पर्य लिहा. भाषेच्या पेपरातला हा प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. आज त्यातला एकच नमुना शेवटपर्यंत सोडवू या. मुद्दे टिपून घ्या: दोन शेजारी... सामाईक विहीर... झिजलेला दोर... नवा कोणी आणायचा यावरून वाद... रात्री गोठ्याला आग... आणि पुढे नुसती टिंबं.

ती टिंबं म्हणजेच खरा प्रश्न. दिलेले मुद्दे सगळ्यांना सारखेच असतात, तुमची गोष्ट टिंबांपासून सुरू होते.

म्हणून पहिलं वाक्य लिहायची घाई करू नका. आधी तात्पर्य ठरवा. पुन्हा सांगतो, आधी तात्पर्य. इथे बहुतेक मुलं ‘एकी हेच बळ’ लिहून मोकळी होतात. पण मुद्दे नीट वाचा. दोघं भांडले आणि दोर तसाच राहिला, सगळं त्यातून घडतं. मग तात्पर्य असं निघतं: सामाईक काम ‘आधी तू’ म्हणत अडलं, की नुकसान दोघांचंही होतं. यातल्या ‘दोघांचंही’ या शब्दावर बोट ठेवा. एकट्याचाच गोठा जळाला तर हे तात्पर्य लागू पडणार नाही. म्हणजे शेवटी झळ दोघांनाही बसली पाहिजे. शेवट कसा हवा, ते तात्पर्यानं आपल्याला आधीच सांगून टाकलं.

म्हणींचं मला वाईट वाटतं, बरं का. रोजच्या बोलण्यातून त्या हद्दपार होत चालल्या आणि परीक्षेत मात्र कुठल्याही गोष्टीला कुठलीही म्हण चिकटवली जाते. म्हण घरात बोलली गेली, की ती कुठे शोभते ते आपोआप कळतं. असो. गोष्ट ऐका.

सखाराम आणि विठोबा यांच्या घरांमध्ये एकच विहीर होती. तिचा दोर तीन पदरी होता. काठाच्या दगडावर घासून घासून त्याचा एक पदर तुटला. सखाराम म्हणाला, “पाणी तू जास्त काढतोस, दोर तू आण.” विठोबा म्हणाला, “तुझी गुरं माझ्या दुप्पट, तूच आण.” महिना गेला, दुसरा पदरही तुटला, पण बाजाराला कोणीच गेलं नाही.

एका रात्री सखारामच्या गोठ्यानं पेट घेतला. त्यानं गुरांची दावी कापली आणि तो विहिरीकडे धावला. विठोबाही भांडण विसरून आला. दोघांनी मिळून भरलेला पोहरा ओढला. तो अर्ध्यावर आला आणि दोर तुटला. खाली पोहरा आपटल्याचा आवाज झाला. विठोबा बैलगाडीचा दोर सोडून आणेपर्यंत वारा सुटला आणि ठिणग्या त्याच्याच कडब्याच्या गंजीवर पडल्या. उजाडलं तेव्हा एकाचा गोठा गेला होता आणि दुसऱ्याची वर्षाची वैरण. त्याच सकाळी दोघं नवा दोर आणायला निघाले. वाटेत कोणीच विचारलं नाही की पैसे कोण देणार.

तात्पर्य: सामाईक काम ‘आधी तू’ म्हणत अडलं, की नुकसान दोघांचंही होतं.

आता बघा, दोर झिजतोय हे आपण सुरुवातीलाच दोनदा दाखवलं. एकदा पहिला पदर, मग दुसरा. म्हणून तो तुटला तेव्हा ऐकणाऱ्याला पटलं. हे वरती पेरलं नसतं, तर दोर केवळ लेखकाला हवा म्हणून तुटला असता.

या जागी हमखास होणारी चूक म्हणजे पाऊस. आग लागली, मुलाला पुढचं सुचेना, की ढग येतात आणि आग विझते. कधी अख्खं गाव धावून येतं. गोष्ट संपते खरी, पण दोर आणि वाद दोन्ही वाया जातात. वाटलं तर पाऊस ठेवून तात्पर्य वाचा. ते गोष्टीला लागतच नाही.

लांबीचंही सांगतो. दहा-बारा वाक्यांची गोष्ट असेल, तर आगीपर्यंत चार-पाच वाक्यांत पोहोचा. विहिरीचं वर्णन रंगवत बसलात, की शेवट दोन ओळींत कोंबावा लागतो. क्रियापदं भूतकाळात ठेवा. ‘धावला’ लिहून पुढे ‘ओढतो’ आलं की वाचणारा अडखळतो. संवाद दोन पुरेत, पण वाद जिथे आहे तिथेच.

लिहून झालं की तात्पर्यावर हात ठेवा आणि गोष्ट घरातल्या कुणाला वाचून दाखवा. यातून काय कळलं, एवढंच विचारा. उत्तर तात्पर्याच्या जवळ आलं तर ठीक. नाही आलं, तर आधी शेवट तपासा. तात्पर्य बदलणं सोपं वाटतं, पण चूक बहुधा शेवटात असते.

शीर्षक अगदी शेवटी लिहा. ‘भांडणाचे दुष्परिणाम’ असं दिलंत, तर सगळं वरच सांगून टाकलंत. या गोष्टीला ‘तिसरा पदर’ चालेल.