उलट भाषांतर जुळलं, तरी प्रश्न चुकू शकतो

नमस्कार. आज मी एकाच प्रश्नावलीबद्दल बोलणार आहे, नैराश्याची चाचपणी करणारी पीएचक्यू-९. तिच्यात नऊ त्रास सांगितलेले आहेत आणि प्रत्येकाबद्दल एकच विचारायचं, गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास कितपत झाला? उत्तरं चार : अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. त्यांना अनुक्रमे ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा त्याहून जास्त झाली, तर त्या व्यक्तीची पुढे तपासणी व्हावी असं साधारण मानतात. हा १०चा आकडा रूढ झाला तो २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, इंग्रजी प्रश्नावलीवरच्या अभ्यासामुळे. आपण मराठीत विचारून तोच आकडा लावतो, तेव्हा दोन्हीकडचे गुण एकाच मापाचे आहेत असं आपण धरून चालतो. ते खरोखर तसे आहेत का, हे पाहायचं असतं.

त्यासाठीची एक पायरी म्हणजे उलट भाषांतर. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये ही पद्धत व्यवस्थित मांडली. एकाने इंग्रजीतून मराठी करायचं, दुसऱ्याने फक्त मराठी मजकूर वाचून त्याचं पुन्हा इंग्रजी करायचं आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहायचं. आज बरेच गट दोन स्वतंत्र मराठी भाषांतरं करवून घेतात, त्यांतून एक मसुदा बांधतात आणि त्याचं उलट भाषांतरही दोघांकडून करवतात.

या दुसऱ्या फळीतल्या माणसाने मूळ प्रश्नावली पाहिलेली नसावी, यावर मी हट्टाने अडून बसते. पहिल्याच प्रश्नात त्याचं कारण दिसतं. मुळात विचारलंय, काही करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का. समजा, कच्च्या मसुद्यात ते ‘कामात रस किंवा आनंद कमी वाटणे’ असं उतरलं. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला पीएचक्यू पाठ असते. तो ‘काम’ वाचतो आणि नकळत मूळ वाक्यच लिहून देतो. दोन्ही इंग्रजी तंतोतंत जुळतात, समिती खूश होते. प्रश्नावली न पाहिलेला माणूस मात्र ‘काम’ म्हणजे नोकरी किंवा घरकाम असंच लिहील आणि गडबड उघडी पडेल. कारण भांडी घासणारी बाई म्हणणार, ‘कामात कसला आलाय आनंद? करावंच लागतं.’ तिचे तीन गुण नैराश्याचे नाहीत, कष्टांचे आहेत. ‘एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही मन न लागणे’ असं काहीसं लिहिलं, तर आपण मूळ अर्थाजवळ येतो.

दुसरी चूक उलट भाषांतरात सापडतच नाही. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हा पर्याय घ्या. त्याचं इंग्रजी कुणीही बरोबर करील. पण मराठीत ‘दिवस’ एकवचनात तसाच आणि अनेकवचनातही तसाच. कागदावर चारही पर्याय एकाखाली एक दिसतात, त्यामुळे वाचणारा फसत नाही. पण आपल्याकडे प्रश्न बऱ्याचदा वाचून दाखवतात, आणि ऐकणाऱ्याला वाटू शकतं की विचारताहेत, दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ असं वाटतं का? चौदांपैकी चारच दिवस, पण त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत उदास असलेला माणूस हा पर्याय निवडतो. त्याला १ गुण मिळायला हवा होता, मिळाले २. असं चार प्रश्नांत झालं की ७ची बेरीज ११ होते आणि तो रेषेपलीकडे जातो.

हे कळायचं कसं? समोर बसून विचारल्याशिवाय नाही. प्रचलित मार्गदर्शनानुसार ३० ते ४० जणांवर मसुदा तपासतात. उत्तर घेऊन थांबायचं नाही, तर म्हणायचं, ‘हा प्रश्न तुम्हाला काय समजला, तुमच्या शब्दांत सांगा.’ आणि पर्यायाबद्दल, ‘म्हणजे गेल्या पंधरवड्यात साधारण किती दिवस?’ ‘निम्म्याहून जास्त’ म्हणणारा बोटं मोजून चार म्हणाला, की दोष पर्यायाच्या शब्दांत आहे. तिथे ‘चौदांपैकी सातांहून जास्त दिवशी’ असं लिहावं. वाक्य जरा अवघडतं हे मला मान्य आहे, पण मापासाठी मी तो अवघडपणा पत्करीन. ही माणसंही निवडून घ्यावीत : कमी शिकलेली, वयस्कर, आणि जिथे प्रश्नावली वापरायची त्याच भागातली. पुण्यातल्या महाविद्यालयात तपासलेला मसुदा घेऊन थेट मेळघाटात जाऊ नये.

एवढं केल्यावर शब्द जुळले असं म्हणता येईल. १०ची रेषा मराठीत योग्य जागी आहे का, हा प्रश्न मात्र उरतोच. त्यासाठी काही लोकांची प्रश्नावली भरून घ्यायची, त्यांचे गुण माहीत नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाने त्यांची स्वतंत्र मुलाखत घ्यायची, आणि कुठल्या गुणावर दोन्ही निष्कर्ष सर्वांत जास्त जुळतात ते पाहायचं. ती रेषा ९वर येईल, १२वरही येईल. ते होईपर्यंत अहवालात ‘इतक्या जणांना १० किंवा अधिक गुण’ असं लिहा, ‘इतक्या जणांना नैराश्य’ असं लिहू नका.