करवतीचं शून्य: फोटोफ्रेमपासून सहाकोनी टेबलापर्यंत

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे सहाकोनी टेबलाच्या वरच्या चौकटीबद्दल, म्हणजे तिच्या पट्ट्या किती अंशांत कापायच्या आणि त्या जुळत का नाहीत याबद्दल. पण तिथे जायच्या आधी फोटोफ्रेमवर थोडं थांबतो, कारण गडबडीची सुरुवात तिथेच होते. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी फ्रेम केलेली आहे. पंचेचाळीसवर करवत लावली, चार पट्ट्या कापल्या, चौकट झाली. आता मी विचारतो, हे पंचेचाळीस नेमके कशापासून मोजले?

बघा, सगळे गप्प. चौकोनात हा प्रश्न कधी पडतच नाही.

माझं म्हणणं असं आहे की तिरप्या सांध्याच्या निम्म्या चुका हाताच्या नसतात, शून्य कुठे धरलं त्याच्या असतात. शाळेत आपण शिकलो की बहुभुजाच्या आतल्या कोनांची बेरीज, बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून १८०ने गुणलं की येते. सहाकोनासाठी ७२० अंश, म्हणजे प्रत्येक कोपरा १२०. सांधा कोपऱ्याचे दोन सारखे भाग करतो, म्हणून ६०. गणित अगदी बरोबर आहे. ते ६० घेऊन माणूस माइटर सॉपाशी, म्हणजे तिरपे काप घेणाऱ्या यंत्राच्या करवतीपाशी, जातो आणि पाहतो तर बऱ्याच यंत्रांची मोजपट्टी पंचेचाळीस-पन्नासच्या आसपास संपते. मग तो म्हणतो, या यंत्रावर सहाकोन होत नाही. होतो हो! ते ६० पट्टीच्या कडेपासून मोजलेले आहेत. करवतीची मोजपट्टी मात्र सरळ आडव्या कापापासून मोजते. पट्टी काटकोनात कापली तर कोन तपासायच्या गुण्याच्या भाषेत ते ९० आहेत, आणि यंत्रावर काटा शून्यावर असतो. म्हणून गुण्याचे ६० हे यंत्राचे ३०.

आता समजा यंत्र मोठं आहे, ६०पर्यंत जातं, आणि कुणी खरोखरच ६०वर लावून सहा पट्ट्या कापल्या. काय होईल? तीन पट्ट्यांतच आकृती बंद होईल. समोर त्रिकोण तयार आणि तीन पट्ट्या हातात शिल्लक. ही चूक निदान लगेच दिसते तरी.

चौकोनात ती दिसतच नाही, कारण नव्वदातून पंचेचाळीस गेले तरी उरतात पंचेचाळीसच. कडेपासून मोजा किंवा आडव्या कापापासून, आकडा एकच. सगळ्या नियमित बहुभुजांत हे फक्त चौकोनात घडतं. आपण शिकायला सुरुवात करतो ती नेमकी अशा एकाच आकारावर, जिथे चुकीची समजूतही बरोबर उत्तर देते. वर्षानुवर्षं फ्रेम करणारा चांगला कारागीरही म्हणून सहाकोनापाशी अडतो. त्याचा हात तयार असतो, पण शून्याचा प्रश्न त्याला कधी कुणी विचारलेला नसतो. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी चौकोनाऐवजी अष्टकोन करून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. तिथे २२.५ आणि ६७.५ हे दोन आकडे इतके वेगळे आहेत की समजल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

म्हणून आतला कोन बाजूला ठेवा आणि वळणं मोजा. सहाकोनी मैदानाच्या कडेकडेने चालत एक फेरी मारली तर कोपऱ्यांवर सहा वेळा वळावं लागतं, आणि फेरी संपते तेव्हा आपण एकूण ३६० अंश वळलेले असतो. दर कोपऱ्यावर ६० अंशांचं वळण. ते दोन पट्ट्यांनी निम्मं निम्मं वाटून घ्यायचं, प्रत्येकीला ३०. म्हणजे करवतीवर लावायचा आकडा एवढाच:

```
काप = १८० ÷ बाजू
```

चार बाजूंना ४५, पाचला ३६, सहाला ३०, आठला २२.५, बाराला १५. यातल्या ३६ला यंत्रावर बहुधा खाच नसते, तिथे काटा डोळ्यांनी जुळवावा लागतो. आणखी एक सांगून ठेवतो. बऱ्याच माइटर सॉवर ३०च्या अगदी शेजारी ३१.६ची खाच असते. ती छताच्या कडेला लागणाऱ्या नक्षीच्या पट्टीसाठी आहे. घाईत हँडल त्या खाचेत बसलं तर प्रत्येक काप १.६ अंशांनी चुकतो आणि सहाकोन काही केल्या जुळत नाही. लॉक करण्याआधी आकडा वाचा.

(मागून प्रश्न आला: यंत्र नसेल तर?) तर कंपास घ्या. प्लायवर वर्तुळ काढा आणि तीच त्रिज्या परिघावर टिपत जा. ती बरोबर सहा वेळा बसते, कारण सहाकोनाची बाजू आणि वर्तुळाची त्रिज्या सारखीच असते. त्या पूर्ण मापाच्या आकृतीवरून फिरता गुण्या लावून घ्यायचा. अंश वाचायची गरजच उरत नाही.

फ्रेमची लांबी झटकन सांगतो, नंतर हा प्रश्न हमखास येतो. चित्र ३०० बाय ४००, पट्टी ३० मिलिमीटर रुंद, काच बसायची खाच ६ मिलिमीटर. चित्राला दोन मिलिमीटर मोकळीक द्या म्हणजे ३०२, त्यात पट्टीचा खाचेबाहेरचा भाग दोन्ही बाजूंनी, २४ आणि २४. बाहेरची लांबी ३५०, आणि दुसरी ४५०. समोरासमोरच्या पट्ट्या टेप धरून वेगवेगळ्या मोजू नका. फेन्सला, म्हणजे यंत्रावर पट्टी टेकवायच्या सरळ आधाराला, ठोकळा क्लॅम्प करा आणि जोडी त्याला टेकवून कापा. कोन अचूक असूनही जोडीत एक मिलिमीटरचा फरक राहिला, तर शेवटचा सांधा बसणार नाही, आणि तुम्ही उगाच कोनाला दोष देत बसाल. मोठी जोडी आधी कापा, बिघडली तर तिच्यातून छोटी निघते.

वेळेची चिठ्ठी आलेली दिसते. दहा मिनिटं. म्हणजे ज्या टेबलासाठी आपण जमलो ते आता भरभर घ्यावं लागेल.

टेबल कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ९०० मिलिमीटर धरू. त्रिज्या ४५० म्हणून बाहेरची बाजूही ४५०. पट्टी ७५ रुंद असेल तर प्रत्येक टोकाला तिरपा काप ४३.३ मिलिमीटर आत येतो, म्हणून आतली बाजू ३६३.४. दोन सपाट कडांमधलं अंतर ७७९. दाराच्या किंवा भिंतीच्या मापात बसवायचं असेल तर हे ७७९ पाहायचं, ९०० नव्हे.

आता मुख्य अडचण. सहा पट्ट्या, बारा काप. यंत्र एकदा लावून पट्टी उलटी करत सगळे काप घेतले, तर चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला जाते आणि साचत राहते. पाव अंशाची चूक डोळ्यांना दिसत नाही, पण बारा कापांचे होतात ३ अंश. ७५च्या पट्टीवर सांध्याची तिरपी कड ८६.६ मिलिमीटर भरते. पाच सांधे घट्ट बसवले तर सहाव्यात साडेचार मिलिमीटरची फट दिसते. तीच पाव अंशाची चूक ४० मिलिमीटरच्या फ्रेममध्ये आठ कापांत २ अंश होते आणि फट राहते दोन मिलिमीटर. फ्रेमवाला ती फट पुट्टीने भरून वेळ मारून नेतो. टेबलावर ती भरून निघत नाही.

फट कुठे आहे ते पाहा, तीच काय चुकलं ते सांगते. आतली टोकं टेकली आणि बाहेर फट राहिली, तर काप ३०पेक्षा कमी पडलाय. बाहेर टेकून आत फट असेल तर काप जास्त झालाय. वरून बंद आणि खालून उघडं असेल, तर या आकड्याचा संबंध नाही, पातं टेबलाला काटकोनात नाही. गुण्या लावून आधी ते पाहा.

म्हणून चांगल्या लाकडाला हात लावण्याआधी टाकाऊ पट्टीचे सहा लहान, सारख्या लांबीचे तुकडे कापा आणि कोरडंच कडं जुळवा. शेवटच्या सांध्यातल्या फटीचा अंश काढून बाराने भागा, प्रत्येक कापातली चूक हाती येते. इतका बारीक फरक काट्याने साधत नाही, तो पत्त्याने साधतो. पत्त्यांच्या कॅटमधला एक पत्ता साधारण ०.३ मिलिमीटर जाड असतो. पट्टी एका ठिकाणी फेन्सला टेकलेली असताना, तिथून १५० मिलिमीटरवर तो पट्टी आणि फेन्सच्या मध्ये ठेवलात तर कोन सुमारे ०.१ अंशाने बदलतो. पुन्हा सहा तुकडे कापा, पुन्हा जुळवा.

एवढं करूनही थोडी चूक राहतेच, तिच्यासाठी दोन अर्धकडी करा. तीन-तीन पट्ट्या चिकटवा, दोन अर्ध्यांना जोडणारे दोन सांधे कोरडे ठेवा. प्रत्येक अर्ध्याची दोन मोकळी टोकं एका सरळ रेषेत असायला हवीत. त्यांवर सरळ पट्टी आडवी ठेवा, नसतील तर रंधा मारून रेषेत आणा. मग दोन अर्धे एकमेकांवर आपोआप बसतात. मोठी चूक मात्र रंध्याने काढू नका, बाजू कमी-जास्त होतात. आणि तिरप्या कापात लाकडाची टोकं उघडी पडतात, ती गोंद पितात. आधी पातळ थर लावा, तो पिऊ द्या, मग दुसरा थर लावून क्लॅम्प करा. सहा तुकडे घसरतात, म्हणून भोवती पट्टा आवळा आणि सांध्यात पातळ पट्टी किंवा बिस्किट, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची चपटी चकती, घाला.

शेवटचं, पावसाळा. लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाही. ७५ची पट्टी ओल शोषून ७६ झाली, की ३०चा काप ३० राहत नाही, २९.६७ होतो. प्रत्येक सांध्यात बाहेरच्या बाजूला सुमारे एक मिलिमीटरची फट उघडते, कारागिराचा काप अगदी अचूक असला तरी. उन्हाळ्यात सुकलं की उलट, आतून उघडतं. त्यामुळे पावसाळ्यात तक्रार आली तर आधी फटीची बाजू पाहा.

आता याच टेबलाला कडं न करता केंद्रापर्यंत जाणारे सहा त्रिकोण लाकडातून जोडायचे म्हटले, तर कोनातला बदल तेवढाच राहतो, पण सांध्याची कड ८६ऐवजी ४५० मिलिमीटर होते. तेवढ्याच फुगण्याने कडेला पाच मिलिमीटरची फट पडायला लागते, आणि गोंद घट्ट असेल तर लाकूडच तडकतं. म्हणून सहा त्रिकोणांची नक्षी हवी असेल तर ती प्लायवर व्हिनियरमधून करा, आणि सलग लाकूड फक्त कडेला, २०-२५ मिलिमीटरच्या अरुंद पट्टीत लावा. तिचे कापही ३०चेच.