छत्तीस की अडतीस? : दहावीच्या निकालाची बातमी लिहिताना

(कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या नव्या वार्ताहरांसमोर आणि काही शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

दहावीचा निकाल सकाळी लागतो आणि दुपारपासून आमच्या मोबाइलवर पत्रकांचा पाऊस सुरू होतो. शाळेच्या लेटरहेडवर लिहून त्याचा फोटो काढून पाठवलेला. तोही तिरपा, एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. श्रीलिपीत टाइप करून फाइल पाठवली असेल तर आमच्याकडे उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात. तेव्हा शिक्षकांनो, पहिली विनंती ही की फोटो सरळ काढा आणि खाली ज्याला विचारता येईल अशा माणसाचा नंबर द्या. बाकीचं आम्ही बघतो.

आज मी एकच पत्रक घेऊन आलोय. आपल्याच तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेचं. शाळेचं नाव सांगणार नाही. मुलांची नावंही गाळतो, त्यांना क, ख, ग म्हणू. पत्रक साधारण तीनशे शब्दांचं होतं आणि मला जागा होती सत्तर-ऐंशी शब्दांची, कारण त्या रात्री पानावर अशा पंधरा-वीस शाळा होत्या.

पत्रक असं सुरू होतं : "सालाबादप्रमाणे याही वर्षी आमच्या शाळेने यशाची उज्ज्वल परंपरा कायम राखत एस.एस.एल.सी. परीक्षेत घवघवीत यश संपादन केले असून शाळेचा निकाल 95 टक्के लागला आहे. परीक्षेस प्रविष्ट झालेल्या 40 विद्यार्थ्यांपैकी 36 विद्यार्थी उत्तीर्ण झाले. विशेष श्रेणीत 7, प्रथम श्रेणीत 19, द्वितीय श्रेणीत 8 व उत्तीर्ण श्रेणीत 4 विद्यार्थी..." पुढे क, ख आणि ग यांचे गुण. त्यानंतर संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, संचालक, मुख्याध्यापक आणि सर्व शिक्षक, म्हणजे एकूण बावीस नावं. त्या सर्वांचं "मोलाचे मार्गदर्शन व प्रोत्साहन लाभले."

नवा वार्ताहर इथे काय करतो? विशेषणं काढतो, बावीस नावं काढतो, उरलेलं उतरवतो आणि पाठवून देतो. बातमी छोटी झाली, पण चूक तशीच राहिली. मी विशेषणांना सगळ्यात शेवटी हात लावतो. आधी पेन घेऊन बेरीज करतो.

करा बघू. 7 आणि 19, सव्वीस. त्यात 8, चौतीस. त्यात 4, अडतीस. पण वर तर उत्तीर्ण 36 लिहिलेत. आणि 95 टक्के कुठून आले? चाळीसपैकी अडतीस म्हणजे 95. चाळीसपैकी छत्तीस म्हणजे 90. एकाच पत्रकात दोन निकाल, आणि शाळेनं साहजिकच मोठा निवडला होता.

यातला कुठला खरा, हे टेबलावर बसून ठरवता येत नाही. मी मुख्याध्यापकांना फोन लावला. आधी ते म्हणाले, "होय की ओ, क्लार्कनं केलंय ते, बघून सांगतो." अर्ध्या तासानं त्यांचाच फोन आला. उलगडा असा, की आदल्या वर्षी नापास झालेली दोन मुलं याच शाळेतून पुन्हा बसली होती आणि दोघंही पास झाली होती. क्लार्कनं श्रेणींचा तक्ता करताना त्या दोघांना उत्तीर्ण श्रेणीत धरलं, पण चाळीसचा आकडा मात्र नियमित मुलांचाच ठेवला. म्हणजे पास झालेल्यांत ते दोघं आले आणि बसलेल्यांत आले नाहीत. त्यांना दोन्हीकडे धरलं असतं तर 42 पैकी 38, म्हणजे नव्वद टक्क्यांहून जरासाच वर. पंच्याण्णव कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. मुद्दाम केलेली लबाडी नव्हती हो. निकालाच्या दिवशी शाळेत पेढे, पालक, फोन या गडबडीत तक्ता कोण पुन्हा तपासतो?

मी नियमित मुलांचा निकाल घेतला : 40 पैकी 36, नव्वद टक्के. उत्तीर्ण श्रेणीतले मग दोनच राहिले आणि बेरीज बरोबर छत्तीस आली.

आता "प्रविष्ट" या शब्दाकडे या. हा शब्द मी बातमीत ठेवत नाही. ज्यांनी फॉर्म भरला ते प्रविष्ट, की जे प्रत्यक्ष पेपरला बसले ते? शाळा सोयीनं दोन्ही अर्थांनी वापरतात. एका वर्षी मी एका शाळेचा "शंभर टक्के निकाल" जसाच्या तसा छापला. दुसऱ्या दिवशी एका बापाचा फोन आला. "माझ्या पोराला शाळेनं परीक्षेला बसूच दिलं नाही, मग शंभर टक्के कसले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी "परीक्षेस बसलेल्या" असंच लिहितो आणि पट वेगळा विचारतो. दोन्ही आकड्यांत दोन-चारचा फरक असेल तर का, हेही विचारतो. आजारपण असू शकतं, स्थलांतर असू शकतं. दरवेळी काळंबेरं असतं असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या तिघांचे गुण बघू. पत्रकात क ला 591 गुण आणि 94.56 टक्के, ख ला 583 आणि 93.80 टक्के, ग ला 571 आणि 91.36 टक्के. आपल्याकडे ही परीक्षा 625 गुणांची. प्रथम भाषा 125 आणि बाकीचे पाच विषय शंभर-शंभरचे. 625 वर टक्केवारी तोंडी काढायची एक युक्ती सांगतो. एक गुण म्हणजे 0.16 टक्का. तेव्हा गुणांना सोळानं गुणा आणि शेवटून दोन अंक सोडून टिंब द्या. 591 गुणिले 16 म्हणजे 9456, म्हणून 94.56, बरोबर. 571 गुणिले 16 म्हणजे 9136, तेही बरोबर. 583 गुणिले 16? 9328. म्हणजे 93.28, पत्रकात होते 93.80. टक्के काढताना चुकलेत की घाईत लिहिताना, देव जाणे. अशा वेळी गुण बरोबर आणि टक्के चूक असं परस्पर धरू नका. गुणही चुकलेले असू शकतात. मी गुणपत्रिकेचा फोटो मागवला. 583च होते.

गुणांसोबत "625 पैकी" लिहायलाच हवं, कारण आपला वाचक सीमेवरचा आहे. त्याची बहीण चंदगडला दिलेली, भाचा तिकडे दहावीला. तिकडच्या महाराष्ट्र बोर्डात सहा विषयांतले चांगले पाच धरून 500 पैकी टक्के काढतात. इकडे सगळे विषय मोजले जातात. त्यामुळे इकडचे 93 आणि तिकडचे 93 एकाच मापानं मोजलेले नसतात. आणि "विशेष श्रेणी"चंही तसंच. तिकडे 75 टक्क्यांना डिस्टिंक्शन म्हणतात, आपल्याकडे ती 85 टक्क्यांपासून. तिकडच्या मापानं या शाळेतली आणखी काही मुलं त्यात बसली असती. म्हणून श्रेणीचं नाव गुणपत्रिकेवर आहे तेच घ्यायचं, आपल्या मनानं बदलायचं नाही. "डिस्टिंक्शन"च्या जागी "गुणवत्ता यादीत" लिहिणारेही मी पाहिलेत. कुठली यादी, विचारा त्यांना.

पत्रकात आणखी एक ओळ होती : क ही "तालुक्यात मराठी माध्यमात प्रथम." निकालाच्या दुपारी हे शाळेला कसं कळलं? आजूबाजूच्या चार शाळांना फोन करून. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका शाळेच्या पत्रकातही तालुक्यात प्रथम होतीच. अशी ओळ क्षेत्र शिक्षणाधिकारी कार्यालयातून पक्की झाली तर घ्या, नाहीतर "शाळेत प्रथम" एवढंच लिहा. शिवाय पुढे उत्तरपत्रिकेची प्रत मागवून पुनर्मूल्यमापन होतं, चार-सहा गुण इकडचे तिकडे होतात आणि पहिली दुसरी होते. ती मूळ ओळ मग कात्रणात कायमची राहते.

नावांबद्दल थोडं. ऑनलाइन निकालात नाव इंग्रजी अक्षरांत येतं आणि शाळेतला कुणीतरी त्यावरून मराठी करतो. 'MALI' म्हणजे माळी, पण मी 'माली' छापून आलेलं पाहिलंय. 'GAVADE' गावडे आहे की गवडे, हे गावातल्या माणसालाच माहीत. बातमी कापून घरात लावतात लोक. हजेरीपटावर मराठीत लिहिलेलं नाव विचारून घ्या.

पत्रकात एक वाक्य असंही होतं की क ही "अत्यंत हलाखीच्या परिस्थितीतून" शिकली. ते मी काढलं. तिच्या घरी विचारल्याशिवाय तिची गरिबी छापायचा अधिकार शाळेलाही नाही आणि मलाही नाही. तिचे मराठीतले 125 पैकी 124 मात्र पत्रकात तळाशी, संचालकांच्या नावांच्या गर्दीत दडले होते. ते वर आणले.

शेवटी छापून आलेली बातमी अशी :

हायस्कूलचा दहावीचा निकाल 90 टक्के
वार्ताहर / खानापूर
येथील हायस्कूलचा एसएसएलसी परीक्षा-1 चा निकाल 90 टक्के लागला. परीक्षेस बसलेल्या 40 नियमित विद्यार्थ्यांपैकी 36 उत्तीर्ण झाले. 625 पैकी 591 गुण (94.56 टक्के) मिळवून क शाळेत पहिली आली. तिला मराठीत 125 पैकी 124 गुण आहेत. ख 583 गुणांसह (93.28 टक्के) दुसरा, तर ग 571 गुणांसह (91.36 टक्के) तिसरी आली. विशेष श्रेणीत 7, प्रथम श्रेणीत 19, द्वितीय श्रेणीत 8 व उत्तीर्ण श्रेणीत 2 विद्यार्थी आहेत. मुख्याध्यापकांनी ही माहिती दिली.

यात "घवघवीत" नाही, आणि कुणाला त्याची उणीव भासली असं वाटत नाही. शाळेचं पूर्ण नाव छापलं होतं, तुमच्यासाठी काढलंय. मुख्याध्यापकांचंही. बावीस नावांपैकी तेवढंच एक राहिलं होतं, कारण आकडे त्यांनी दिले आणि चुकले असते तर जबाब त्यांनाच द्यावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन. अध्यक्षांचं नाव राहिलं, ते नाराज आहेत. मी म्हटलं, सर, सत्काराची बातमी पाठवा, त्यात घेतो. पंच्याण्णवचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

महिन्याभरानंतर त्याच शाळेचं दुसरं पत्रक आलं. 2024 पासून आपल्याकडे एकाच वर्षी एकापेक्षा जास्त परीक्षा होतात, परीक्षा-1, परीक्षा-2 अशा. राहिलेल्या चौघांपैकी तिघं परीक्षा-2 मध्ये पास झाले होते. पत्रकात लिहिलं होतं, "शाळेचा निकाल आता 97.50 टक्के." चाळीसपैकी एकोणचाळीस, हिशेब या वेळी बरोबर होता. पण परीक्षा-1 चा निकाल नव्वदच आहे, तो मागे जाऊन वाढत नाही. मी दोन ओळी दिल्या : परीक्षा-2 मध्ये या शाळेचे आणखी तीन विद्यार्थी उत्तीर्ण झाले. त्या तिघांची नावं घेतली, आणि हजेरीपटावरून तपासून घेतली.